तिचा नकार कशाचा आहे, ते आधी ऐका

*ताई, माझं वय 39, बायकोचं 35. घर गुहागर तालुक्यात. मी बोटीवर मोटरमन आहे. आठ-नऊ महिने बाहेर, तीन-चार महिने घरी. ती शृंगारतळीला एका पतसंस्थेत नोकरी करते, घरी आई असते. आमची मुलगी सहा वर्षांची आहे. ती आठव्या महिन्यातच सिझेरियनने झाली, बायकोचं बीपी खूप वाढलं होतं, बाळ काही दिवस पेटीत होतं. मी तेव्हा बोटीवर होतो. आता दोघीही ठणठणीत आहेत.*

*मला दुसरं मूल हवं आहे. मुलगाच हवा असं अजिबात नाही. गणपतीत घर भरतं, चाकरमानी परत गेले की लेक पडवीत एकटीच खेळत बसते, ते बघवत नाही. बायको म्हणते, आपलं कुटुंब पूर्ण आहे. कारण विचारलं की "नको म्हणजे नको" म्हणून उठून कामाला लागते. आई तर रोजच मागे लागलेली असते: "एक डोळा डोळा नव्हे." या खेपेला आलो तर पाळणा आणि लेकीची झबली-टोपडी माळ्यावर नव्हती. तिने मला न विचारता देऊन टाकली. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. दिवाळीआधी मला परत जॉईन व्हायचं आहे. त्याआधी तिचं मन कसं वळवू?*

*— एक वाचक, गुहागर तालुका*

पाळणा असा गेला याचं तुम्हाला वाईट वाटलं, ते साहजिक आहे. पुरुषाला मूल हवंसं वाटतं, वंशाला दिवा म्हणून नव्हे, नुसतं एक लहान मूल घरात हवंसं वाटतं, हे आपल्याकडे कुणी उघडपणे बोलत नाही. तुम्ही ते लिहिलंत. पण मन कसं वळवायचं, हे मी आज सांगणार नाही. जे मन वळवायचं म्हणता त्यात काय आहे ते तुम्हाला अजून ठाऊक नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

पाळण्याबद्दल तुम्ही जितकं लिहिलंय, तितकंच लेकीच्या जन्माबद्दल लिहिलंय. आठवा महिना, बीपी, पेटी, आणि मी बोटीवर होतो. त्या पंधरवड्याचं तुमच्याजवळ एवढंच आहे. तिच्याजवळ केवढं असेल, याचा थोडा अंदाज मी देते, कारण इतकी वर्षं अशा बायकांशी बोलत आले आहे.

विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 च्या वर जातं आणि लघवीतून प्रथिनं जायला लागतात, त्याला डॉक्टर प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. तुमच्या फाइलवर हा शब्द बहुधा असेल. चेहरा सुजतो, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. बीपी हाताबाहेर गेलं तर झटके येतात, यकृतावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. बीपीच्या गोळ्यांनी थोडा वेळ मिळतो, पण या आजारावरचा खरा उपाय एकच, बाळंतपण. म्हणून मूल पुरतं वाढलेलं नसतानाही बाहेर काढावं लागतं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन सलाइनमधून देतात. ते अंगात शिरताना सगळं शरीर पेटल्यासारखं गरम होतं, आणि बाळंतपणानंतरही साधारण दिवसभर ते चालूच ठेवतात. या काळात आई एका खाटेवर असते आणि बाळ दुसऱ्या खोलीत, कधी दुसऱ्या मजल्यावर, कधी दुसऱ्याच गावी. आपल्याकडून चिपळूण गाठायलाच वेळ लागतो. तिथे पेटी रिकामी नसली तर पुढे घाट चढून कराड. बाळाला पाजता येत नाही, म्हणून दूध हाताने पिळून वाटीत काढायचं आणि कुणाच्या तरी हाती पाठवायचं. चार चमचे निघालं तरी नर्स म्हणते, छान. त्या चार चमच्यांसाठी टाके ओढत बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

तुमच्या घरी नेमकं असंच झालं, असं मी म्हणत नाही. काय झालं ते तुम्हीच तिला विचारायचं आहे. ऑपरेशनच्या कागदावर सही कुणी केली? रुग्णवाहिकेत तिच्याबरोबर कोण होतं? तिला बाळ पहिल्यांदा कधी दाखवलं? या तीन प्रश्नांची उत्तरं तुम्हाला येत नसतील, तर दुसऱ्या मुलाची चर्चा अजून सुरूच झालेली नाही, असं समजा.

अशा बाळंतपणानंतर काही बायकांच्या मनात भीती तशीच बसून राहते. टाके भरतात, लेक शाळेत जाते, सासरची माणसं म्हणतात "झालं गेलं गंगेला मिळालं", आणि हिला मात्र बीपीचं मशीन दंडाला बांधलं की घाम फुटतो. लेकीचा वाढदिवस जवळ आला की चिडचिड होते. कुणी रुग्णालयातलं काही सांगायला लागलं की ती उठून जाते. विषय निघाला की तुमची बायको उठते, ते यातलं असू शकतं.

असंही असू शकतं की भीतीबिती काही नाही आणि ती खरंच समाधानी आहे. आठ-नऊ महिने एकटीने घर, नोकरी, सासूची औषधं, मुलीचा अभ्यास सांभाळून आता कुठे तिचे हात थोडे मोकळे झालेत, आणि आहे हे तिला पुरेसं वाटतं. आपलं कुटुंब पूर्ण आहे, हे वाक्य त्या अर्थाने अगदी सरळ आहे. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. बाईला एक मूल पुरे वाटलं की तिच्या मनात काही दडलंय असंच धरून चालण्याची आपल्याला सवय आहे. ती सवय तुम्ही सोडा.

या दोन नकारांतला फरक ओळखता येतो. समाधानाचा नकार असेल तर बाई शांतपणे पुढचं बोलते: मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, स्वतःला कुठली परीक्षा द्यायची आहे. दुसऱ्यांच्या बारशाला ती आनंदाने जाते, बाळ मांडीवर घेते आणि परत देऊन घरी येते. भीतीचा नकार असेल तर विषयच बंद होतो, आवाज बदलतो, बारसं टाळलं जातं, घरातल्या तान्ह्या बाळाच्या वस्तू डोळ्यांसमोर नकोशा होतात. पाळणा देऊन टाकणं दोन्हींत बसतं, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढू नका. शिवाय रोज सासू आणि चार महिने नवरा एकच प्रश्न विचारत असेल, तर अगदी समाधानी बाईही उठून भांडी घासायला जाईल.

आता विचारायचं कसं. रात्री भांडणानंतर नको, जेवताना आईसमोर नको, आणि बोटीवरून नेट येतंय-जातंय अशा फोनवर तर नकोच. लेक शाळेत असेल आणि बायकोची रजा असेल अशा एखाद्या दिवशी तिच्या बाळंतपणाची फाइल काढा आणि म्हणा, "तेव्हा मी नव्हतो. मला ते सगळं पहिल्यापासून ऐकायचंय. दुसऱ्या मुलाचा विषय मी आज काढणार नाही." आणि खरंच काढू नका. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ती सांगेल तेव्हा "पण आता सगळं ठीक आहे ना" हे वाक्य गिळून टाका. तेव्हा तुम्हाला बोटीवर कसं कळलं, सुट्टी का मिळाली नाही, हे तिने विचारलं तरच सांगा. तुम्हाला रडू आलं तर येऊ दे, पण तुम्हाला समजावायची वेळ तिच्यावर येणार नाही एवढं बघा. ती पहिल्या दिवशी काहीच बोलणार नाही, असंही होईल. मग फाइल ठेवून द्या आणि म्हणा, "तुला वाटेल तेव्हा." सहा वर्षं जे विचारलं गेलं नाही ते एका दुपारी बाहेर येईलच असं नाही.

दापोलीकडच्या एका जोडप्याचं सांगते. तिथे उलट होतं, बायकोला दुसरं हवं होतं आणि नवरा ठाम नकार देत होता. दोन वर्षं तिला वाटत राहिलं, याचं माझ्यावरचं मन उडालं. शेवटी त्याने सांगितलं की मासेमारीच्या बोटीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकलेत आणि ते त्याने घरात कुणालाच सांगितलेलं नाही. त्याचा नकार त्या हप्त्यांचा होता. त्यांना पुढे दुसरं मूल झालं नाही, कारण कर्ज फिटायला वेळ लागला आणि तोवर तिचाच विचार बदलला. पण नवऱ्याचं मन उडालंय, हा तिचा दोन वर्षांचा घोर मात्र त्या एका संध्याकाळी संपला.

तिचा नकार उघडायचा तसा तुमचा होकारही उघडायला हवा, आणि हे काम तुमचं एकट्याचं आहे. लेक सहा वर्षांची. तुमच्या पाळीने हिशेब केला तर त्या सहा वर्षांतली जेमतेम दीड-दोन वर्षं तुम्ही घरी होता. ती पालथी पडली, बसली, पहिलं पाऊल टाकलं, यातलं किती तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत आणि किती फोनच्या पडद्यावर? मला शंका येते की तुम्हाला जे हवं आहे त्यात या लेकीचं हुकलेलं तान्हेपण बरंच आहे. म्हणून तुमची ओढ खोटी ठरत नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की नोकरीची पाळी तीच राहिली तर दुसरं बाळही असंच पडद्यावर मोठं होईल आणि हुकलेलं पहिलं काही परत येणार नाही. ही शंका खरी असेल, तर त्यातला काही भाग तुम्हाला आजच्या आज भरून काढता येण्यासारखा आहे: सहा वर्षांची मुलगी घरात आहे, तिला पोहायला शिकवायचं आहे, सायकल शिकवायची आहे, शाळेत सोडायचं-आणायचं आहे.

स्वतःला आणखी एक विचारा. दुसरीही मुलगी झाली, आणि तिच्या चौथ्या महिन्यात तुम्हाला जॉईन व्हावं लागलं, तरीही हवं आहे का? उत्तर होकारार्थी आलं, तर ओढ खरोखर बाळाचीच आहे, आणि मग ती बायकोला तशीच सांगा. "लेक एकटी पडेल" असं कारण पुढे करू नका, कारण ते टिकत नाही. आता ठरवलं तरी दोघांत सात-साडेसात वर्षांचं अंतर पडेल. लेक पडवीत खेळते त्या वयात धाकटं पाळण्यात असेल, आणि ते खेळायच्या वयाचं होईल तेव्हा ताई आठवीच्या क्लासला जात असेल. एकुलती मुलं हट्टी, एकलकोंडी होतात हा समजही अभ्यासांत टिकलेला नाही; भावंडं असलेल्या मुलांशी तुलना केली तर स्वभावात मोठा फरक दिसत नाही. तिला सोबत हवी आहे हे खरं. ती वाडीतल्या मुलांची, मे महिन्यात येणाऱ्या आतेमामे भावंडांची मिळू शकते, आणि ती जमवून द्यायला नऊ महिने थांबायचीही गरज नाही.

आईंच्या म्हणण्यामागे बहुधा घर बंद पडण्याची भीती आहे. ती आपल्या सगळ्या किनाऱ्याची आहे. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 पेक्षा कमी भरली. वाडीवाडीत कुलपं दिसतात. पण त्या कुलपांकडे नीट बघा, त्यातली कितीतरी घरं चार-पाच भावंडांची आहेत. मुलं मुंबई-पुण्याला गेली ती पोटापाण्यासाठी.

समजा, तिने सगळं सांगितलं, आणि त्यात भीती निघाली. मग भीतीचं दोन भागांत काय करायचं ते बघता येतं: शरीराचं आणि एकटेपणाचं.

शरीराचं डॉक्टर सांगतील. दिवस राहण्याआधीच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे दोघांनी जायचं, जुनी फाइल आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन. किती आठवड्यांना बाळंतपण झालं, बीपी किती होतं, रक्ताचे रिपोर्ट काय होते, बाळाचं वजन किती होतं, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. एकदा प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बायकांत पुढच्या खेपेला साधारण सहा-सातजणींत एकीला तो परत होतो. पहिलं बाळंतपण 34 आठवड्यांच्या आत झालं असेल तर धोका वाढतो, तीनजणींत एकीपर्यंतही जातो. म्हणजे अनेकींना तो परत होत नाही, आणि झाला तरी बऱ्याचदा उशिरा आणि सौम्य होतो. पण तिच्या जागी बसून हाच आकडा उलटा वाचून बघा, तीनात एक हा काही लहान आकडा नाही. कमी डोसची अ‍ॅस्पिरिन बाराव्या आठवड्यापासून, सोळाव्याच्या आत सुरू केली तर धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. ती डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायची. सध्या बीपीची कुठली गोळी चालू असेल तर ती दिवस राहण्याआधी बदलावी लागते का, हेही विचारा; काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. सिझेरियनला सहा वर्षं झालीत, तेव्हा अंतराची काळजी नाही, पण आधीच्या टाक्यांमुळे वार कुठे चिकटते ते सोनोग्राफीत बघावं लागेल.

दुसरं मूल होवो न होवो, एक गोष्ट मात्र करायचीच. गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात बीपी, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. वर्षातून एकदा तिचं बीपी, साखर तपासायला हवी. बाळ घरी आलं की आईची फाइल माळ्यावर जाते, हे मी घरोघरी बघते. तुम्ही ठणठणीत म्हणता, पण तिचं शेवटचं बीपी कधी मोजलंय? डॉक्टरकडे जायचं ते या कारणासाठी आधी जा. दुसऱ्या मुलाचं तिला बोलायचं असेल तर तीच विचारेल. आणि डॉक्टर फक्त धोका सांगतील. "डॉक्टर म्हणाले चालेल" हे वाक्य घरी येऊन तिच्या नकारावर आपटायचं नाही.

एकटेपणाचा भाग डॉक्टरच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. "या वेळी मी असेन" असं म्हणणं सोपं आहे, म्हणून ते कागदावर मांडा. हा आजार विसाव्या आठवड्यानंतर डोकं वर काढतो. त्याआधी तुम्ही साइन ऑफ होऊन घरी हवं. तिथून बाळंतपणापर्यंत साडेचार महिने, आणि पुढे निदान पाच महिने. म्हणजे नऊ-दहा महिने किनाऱ्यावर, आणि या काळात पगार नाही. त्या आर्थिक वर्षात बाहेरचे दिवस पुरेसे भरले नाहीत तर एनआरआय दर्जा जाऊन कर लागेल, तो हिशेब वेगळा. बाळ पेटीत ठेवावं लागलं तर त्याचा खर्च बाजूला काढून ठेवायला हवा. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत, विशेषतः पावसाळ्यात घाट बंद पडायची भीती असेल तर, चिपळूण किंवा रत्नागिरीत रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहता येईल का, ते बघा. आणि तुमच्या जागी बोलायला, सही करायला दुसरा माणूस कोण? हे सगळं जमत नसेल तर तसं तिला स्पष्ट सांगा. अपुरी तयारी झाकून मागितलेला होकार तिला सहा वर्षांपूर्वीच्या त्याच खाटेवर नेऊन ठेवेल.

आता दिवाळीच्या मुदतीबद्दल. ही मुदत तुमच्या बोटीची आहे, तिच्या शरीराची नाही. तिचं वय 35 आहे, म्हणून वेळ अमर्याद नाही हे खरं. मूल राहण्याची शक्यता बत्तिशीनंतर हळूहळू आणि सदतिशीनंतर जास्त वेगाने कमी होते. पण पुढच्या येण्यापर्यंत थांबल्याने दार बंद होत नाही. कुणीतरी तुम्हाला एएमएच नावाची रक्ततपासणी करून घ्या म्हणेल. ती अंड्यांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देते, टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात तिचा उपयोग होतो. स्वाभाविकपणे दिवस राहतील की नाही हे ती सांगत नाही. तो कागद दाखवून घाई करू नका.

म्हणून मी सुचवते की या सुट्टीत निर्णय मागू नका. दोघांनी मिळून ठरवा की पुढच्या खेपेला तुम्ही आल्यावर पहिल्या महिन्यात एकदा नीट बसून बोलायचं, आणि तोवर कुणीही विषय काढायचा नाही, टोमण्यातून नाही, लेकीच्या तोंडून नाही. लेकीला "तुला भाऊ-बहीण हवं ना?" असं विचारायला लावणं हे मी दबावातच धरते.

याच्या जोडीला एक गोष्ट, जी पत्रात कुठेच नाही. सध्या तुमच्यात गर्भनिरोधनाचं कोण बघतं? नवरा चार महिन्यांसाठी घरी येतो, त्याला मूल हवं आहे, आणि हिला नको आहे. पाळी चार दिवस लांबली की तिचं काय होत असेल, विचार करा. अशा घरांत नवऱ्याच्या येण्याचीच धास्ती वाटू लागते, आणि बाई दूर राहते ती रागाने नव्हे. तेव्हा तुम्ही स्वतःहून म्हणा, "ठरेपर्यंत आपण काळजी घेऊ, निरोध मी वापरतो." तिला तांबी बसवून घ्यायची असेल तर बरोबर जा; ती कधीही काढता येते. तुमच्या इच्छेच्या हे विरुद्ध वाटेल, पण ही धास्ती गेल्याशिवाय ती मोकळेपणाने बोलूच शकणार नाही. आणि "चुकून राहिलं तर राहू दे" हा विचार मनात येत असेल, तर तो तिथेच थांबवा. तिला नकळत किंवा तिच्या मनाविरुद्ध झालेलं गरोदरपण हा विश्वासघात आहे.

एका होकारापासूनही सावध राहा. भांडून थकल्यावर, सासूचं ऐकून ऐकून कंटाळल्यावर बाई म्हणते, "ठीक आहे, होऊ दे तुमच्या मनासारखं." हा होकार घेऊ नका. खरा होकार असला तर ती स्वतः काहीतरी करते: डॉक्टरची वेळ घेते, पतसंस्थेत रजेची चौकशी करते, फाइल काढून तुम्हाला आठवण करते. तिने काहीच केलं नाही आणि सगळं तुम्हीच पुढे ढकलताय असं दिसलं, तर थांबा आणि विचारा. अशा होकाराची किंमत आई आणि मूल दोघंही पुढे वर्षानुवर्षं मोजतात.

आणि हे सगळं होऊनही तिचं उत्तर "नाही" राहिलं तर? तर ते नाहीच. अर्धं मूल होत नाही, मधला मार्ग इथे नाही, आणि शरीर तिचं आहे. हे मी तुम्हाला आजच सांगते, म्हणजे तिच्याशी बोलायला बसताना तुम्ही हे धरून बसाल. पण तुमचं दुःख त्यामुळे संपणार नाही, आणि ते गिळून "माझं काही नाही" म्हणत फिरायची गरज नाही. गिळलेलं दुःख तिसऱ्याच गोष्टीच्या भांडणात बाहेर येतं: भाजी खारट झाली आणि तोंडून गेलं, "तुझ्यामुळे माझं घर रिकामं राहिलं." असं होऊ लागलं, मित्राच्या घरचं बारसं सोसवेना, बोटीवर रात्ररात्र झोप येईना, तर कुणाशी तरी बोला. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य सेवा आहे, 14416 या क्रमांकावर, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. बायकोला त्या बाळंतपणाचा त्रास अजून होत असेल तर तिच्यासाठीही हाच क्रमांक. आणि तिला सांगायचंच असेल तर असं सांगा: "मला वाईट वाटतंय. तू काही बदलावंस म्हणून सांगत नाही. फक्त तुला ठाऊक असावं." पाळण्याचंही याच शब्दांत सांगा. न विचारता दिल्याचं वाईट वाटलं, हे तुम्ही तिच्याजवळ बोलू शकता, आणि तिने तो का दिला हे ऐकूही शकता.

हे सगळं सावकाशीने होईल. आईंचं काम मात्र आजच करायचं आहे, आणि ते बायकोवर सोडायचं नाही. त्या तिच्या सासू आहेत, तुमच्या आई आहेत. दुपारी त्या ओटीवर सुपारी कातरत बसल्या असतील तेव्हा जवळ बसा आणि म्हणा, "आई, दुसऱ्या मुलाचं आमचं दोघांचं आम्ही बघतोय. हिला त्याबद्दल काही विचारायचं नाही, लेकीसमोर तर नाहीच. काही बोलायचं असेल तर मला बोल." त्या रागावतील, दोन दिवस अबोला धरतील. पण तुम्ही बोटीवर गेल्यावर त्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ समोरासमोर असणार आहेत त्या या दोघी. म्हणून हे जॉईन व्हायच्या बरंच आधी बोला, म्हणजे अबोला संपेपर्यंत तुम्ही घरी असाल.